घरची परीक्षा

आमच्या लहानपणी विलायतेहून डॉक्टर होऊन आलेला माणूस बोटीतून उतरला, की दुसऱ्याच दिवशी त्याच्या नावाची पाटी दारावर लागते, अशी आमची समजूत होती. पाटीवर नावापुढे अक्षरांची लांबलचक आगगाडी असे. ती अक्षरे जितकी कमी कळतील तितका डॉक्टर मोठा, असा गावाचा साधा हिशेब. त्यामुळे माझी पुतणी २०२३च्या पावसाळ्यात किरगिझस्तानातल्या बिश्केक शहरातून वैद्यकीची पदवी घेऊन परतली आणि चार दिवस आमच्याकडे महाडजवळच्या गावी राहायला आली, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या माझ्या आईने तिला पहिला प्रश्न केला तो हाच, की दवाखाना पुण्यात घालणार की इकडे?

"आजी, मी अजून इथली डॉक्टर झाले नाहीये."

"मग कुठली झालीस?"

"तिथली."

आईला हे उत्तर काही केल्या पटेना. तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "का रे, ताप तिथला वेगळा आणि इथला वेगळा असतो का?" आई चौथीपर्यंत शिकलेली. पण पुढे पाच महिने पुतणीबरोबर अभ्यासाला बसलो, तेव्हा त्या साऱ्या अभ्यासाची नाडी आईने पहिल्याच प्रश्नात कशी धरली होती, याचे मला राहून राहून नवल वाटले.

कायदा असा आहे, की बाहेरदेशी वैद्यकी शिकून आलेल्या भारतीयाला इथे डॉक्टर म्हणून नाव नोंदवायचे, तर आधी एक परीक्षा द्यावी लागते. २००२ साली हा नियम झाला. तिचे सरकारी नाव स्क्रीनिंग टेस्ट. मुले तिला 'एफएमजीई' म्हणतात. मी आपला चाळणी म्हणतो. वर्षातून दोनदा ती होते. एकाच दिवशी, संगणकापुढे बसून, सकाळी १५० प्रश्न आणि दुपारी १५०. प्रत्येक वेळी अडीच तास. प्रश्नाखाली चार उत्तरे, त्यांतले एक बरोबर. बरोबर उत्तराला एक गुण. चुकले तर गुण नाही, पण कापतही नाहीत. ३०० पैकी १५० मिळाले की पास आणि १४९ मिळाले की नापास.

ऐकायला हे किती सोपे! निम्मे गुण, चुकीला दंड नाही, शिवाय हवे तितक्या वेळा बसा. आमच्या वेळी तोंडी परीक्षेत समोरचे गुरुजी नुसते चष्म्यावरून बघत तेवढ्याने घाम फुटे. आणि तरीही अलीकडच्या बहुतेक खेपांना या चाळणीतून शंभरांतले वीस-पंचवीस, फार तर तीस जण खाली उतरतात. बाकीचे वर राहतात. मुले मठ्ठ असतात म्हणावे, तर सहा सहा वर्षे परक्या देशात, परक्या भाषेत, बर्फात काढून आलेली ही मुले मठ्ठ नसतात. माझी पुतणी तर मुळीच नव्हे. इथल्या प्रवेशपरीक्षेत ती उत्तीर्ण झाली होती. फक्त सरकारी जागा मिळण्याइतके गुण नव्हते, आणि खाजगी कॉलेजची फी ऐकून माझ्या धाकट्या भावाने त्या दिवशी जेवण टाकले होते. बिश्केकचा सारा खर्च त्या मानाने निम्म्याहून कमी. म्हणून २०१८ साली ती गेली.

परत आल्यावर चार महिने दिल्लीला एका क्लासात राहून तिने अभ्यास केला, जानेवारी २०२४ मध्ये परीक्षेला बसली आणि तिला १४१ गुण मिळाले. नऊ कमी. निकालाच्या कागदावर एवढाच एक आकडा असतो. कुठल्या विषयात किती मिळाले, कुठे घसरले, काही लिहिलेले नसते. घरात कोणी रागावले नाही. त्याचाच तिला अधिक त्रास झाला. नातेवाइकांच्या फोनला काय सांगायचे याची एक ठरीव वाक्यरचना भावजयीने तयार करून ठेवली होती: "अजून कागदपत्रं व्हायची आहेत." फेब्रुवारीत मी तिला आमच्याकडे बोलावून घेतले. माडी रिकामी होती, मी निवृत्त होतो, आणि चाळीस वर्षे आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात व मग स्वतःच्या दवाखान्यात काढल्यामुळे निदान इथल्या रोगांशी माझी जानपछान होती.

पहिल्या आठवड्यात आम्ही पुस्तक उघडलेच नाही. आधीच्या परीक्षेच्या धर्तीवरची ३०० प्रश्नांची एक सराव-प्रश्नपत्रिका घेतली आणि एकच अट घातली: उत्तर देताना प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहायचे. पक्के ठाऊक असेल तर 'प', अर्धवट आठवत असेल तर 'अ', काहीच कळत नसेल तर 'क' म्हणजे कोरे. बरोबर की चूक हे नंतर पाहायचे, अक्षर मात्र आधी. तिने ते प्रामाणिकपणे केले. गुण पडले १३८.

संध्याकाळी ओटीवर बसून आम्ही अक्षरांची मोजदाद केली. 'क' लिहिलेले, म्हणजे डोळे मिटून ठोकलेले प्रश्न ६३ होते. त्यांतले १५ बरोबर आले होते. चारात एक या हिशेबाने इतके यायचेच. 'प' लिहिलेले १५०. त्यांतले १०७ बरोबर आणि ४३ चूक. आणि 'अ' लिहिलेले, अर्धवट आठवणारे ८७ होते. त्यांतले बरोबर किती असावेत? फक्त १६. म्हणजे काहीच ठाऊक नसताना तिला जेवढे यश आले, त्याहून थोडे ठाऊक असताना कमी आले!

मी कागद दोनदा तपासला. मग त्यातली मख्खी लक्षात आली. चाळणी विणणारा माणूस चुकीची उत्तरे हवेतून आणत नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या डोक्यात जे रेंगाळत असते, तेच तो उचलून दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी ठेवतो. ज्याला काहीच माहीत नाही तो त्याच्यावरून बेदरकार निघून जातो. ज्याला अर्धे माहीत आहे तो नेमका तिथेच थबकतो. या हिशेबाने पाहिले, तर १०० प्रश्न खरोखर पक्के असलेला माणूस उरलेले २०० नुसते ठोकूनही सरासरीने १५० वर पोचावा. पण अशी माणसे असतात कुठे? सगळ्यांचे ज्ञान मधल्याच खणात पडलेले असते.

यातून अभ्यासाची दिशा ठरली. नवे काही वाचायचे नाही. ८७ आणि ४३ हेच आपले पुस्तक. त्यातही ४३ची भीती मोठी. कारण 'अ' लिहिलेल्या प्रश्नाशी माणूस निदान पुन्हा जातो, 'प' लिहिलेल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते ४३ आम्ही वेगळे उतरून काढले आणि विषयवार लावले, तेव्हा त्यांतले १९ एकट्या दोन विषयांतले निघाले. एक सामाजिक वैद्यक, म्हणजे लसी, साथी, सरकारी आरोग्ययोजना. आणि दुसरे न्यायवैद्यक व विषे. या परीक्षेत सामाजिक वैद्यकाला तब्बल ३० गुण असतात; जवळजवळ शस्त्रक्रियेइतके, आणि बाळंतपणाच्या विषयाइतकेच. न्यायवैद्यकाला १०. हृदय आणि मूत्रपिंड सगळ्या जगात एकाच जागी असते, ते बिश्केकमध्ये शिकले काय आणि मिरजेत शिकले काय. पण हे दोन विषय त्या त्या देशाचे असतात. तिथे तिने ते शिकले होते, मन लावून शिकले होते. म्हणूनच तिला खात्री वाटत होती.

एक उदाहरण सांगतो. प्रश्न क्षयाचा होता. नवा रोगी, औषधांना दाद देणारे जंतू, तर उपचार कसा? तिने 'प' लिहून उत्तर दिले: दोन महिने चार औषधे, मग चार महिने दोन औषधे. जगातले कुठलेही चांगले पुस्तक उघडा, हेच सापडेल. पण आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पुढच्या चार महिन्यांतही दोन नव्हे, तीन औषधे देतात. एथाम्ब्युटॉल शेवटपर्यंत चालू ठेवतात. कारण आपल्याकडे आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू बरेच. समजा रोग्याच्या अंगात असे जंतू आहेत आणि ते कोणाला कळलेले नाही; मग पुढचे चार महिने दोनच औषधे दिली, तर खरे लढणारे औषध एकटे रिफॅम्पिसिनच उरेल, आणि एकट्या औषधाला क्षयाचे जंतू लवकरच ओळखू लागतात. तिसरे औषध त्याच्या सोबतीला ठेवलेले असते.

त्यातून आणखी गुंता म्हणजे तिच्याजवळ थोरल्या मुलांकडून हातोहात आलेली टिपणे होती. त्यांत औषध आठवड्यातून तीन दिवस द्यावे असे लिहिले होते. ती पद्धत आपल्याकडे होती, पण २०१७ पासून रोज गोळ्या द्यायला सुरुवात झाली. कार्यक्रमाचे नाव २०२० साली बदलले. रोग्याच्या वजनावर गोळ्यांची संख्या ठरते, त्या वजनांचे टप्पेही मध्यंतरी बदलले. आता ३५ ते ४९ किलोच्या माणसाला चार औषधे एकत्र असलेल्या तीन गोळ्या; जुन्या टिपणात ४० किलोच्या खाली दोनच. एकाच रोगावर तिच्या डोक्यात तीन उत्तरे होती: तिथले, इथले जुने आणि इथले नवे. प्रश्नाखाली तिन्ही छापलेली. आम्ही वहीचे पान घेतले, तिघांपैकी दोघांवर काट मारली आणि काट का मारली ते शेजारी एका ओळीत लिहिले. नुसते बरोबर उत्तर पाठ करून चालत नाही. चुकीचे डोक्यात तसेच राहते आणि परीक्षेच्या दिवशी आधी तेच उठून उभे राहते.

सर्वांत जास्त वेळ मात्र आम्ही एका सापावर घालवला. प्रश्न असा होता: पावसाळ्याचे दिवस, जमिनीवर झोपलेला शेतमजूर, पहाटे पोटात दुखू लागून उठतो, दोन उलट्या होतात, थोड्या वेळाने पापण्या उघडेनात, गिळता येईना. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. रक्त नीट गोठते आहे. काय झाले असेल?

माझ्या पुतणीने 'प' लिहून उत्तर दिले होते: बॉट्युलिझम. हा एक प्रकारचा अन्नविषाचा रोग. मी तो चाळीस वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. मी हसणार होतो, पण आधी तिला विचारले, हेच का? ती म्हणाली, "काका, आम्ही असाच पेशंट पाहिलाय." तिकडे हिवाळ्यासाठी भाज्या आणि अळंबी घरोघर बरण्यांत भरून ठेवतात. बरणी नीट उकळली गेली नाही तर हवा नसलेल्या त्या जागेत जंतू विष तयार करतात. खाल्ल्यावर उलट्या, मग पापण्या पडणे, मग गिळता न येणे, मग श्वास. तिच्या प्राध्यापकांनी पलंगाशी उभे करून शिकवले होते, की पापण्या पडलेल्या रोग्याला आधी विचारा, बरणीतले काय खाल्ले? तिचे उत्तर तिथे अचूक होते.

आमच्या कोकणात बरणीत लोणचे असते. त्यात मीठ, तेल आणि आंबटपणा इतका की त्या जंतूंची तिथे डाळ शिजत नाही. आणि आमच्याकडे पापण्या पडलेल्या माणसाला आधी विचारतात, रात्री खाली झोपला होतास का? ती मण्यार. रात्री हिंडते, उबेला अंथरुणात शिरते, दात इतके बारीक की झोपलेल्याला चावल्याचे कळत नाही आणि खूणही बहुधा सापडत नाही. पोटदुखी आणि पापण्या, एवढ्यावर ओळखायची. मी आईला हाक मारून प्रश्न मराठीत सांगितला. प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली, "कांडार असणार." आमच्याकडे मण्यारीला असेच म्हणतात. पुतणी बराच वेळ आजीकडे बघत राहिली.

मग मी तिला सगळे हाताने करायला लावले. सापाच्या रोग्यात रक्त गोठते की नाही पाहण्याची आपल्याकडची साधी रीत म्हणजे दोन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे हलवल्याशिवाय ठेवायचे आणि मग एकदाच तिरके करून बघायचे. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत रक्ताला गोठायला चालना मिळत नाही आणि धडधाकट माणसाचेही रक्त पातळ दिसते. घोणस आणि फुरसे चावले तर रक्त गोठत नाही. नाग आणि मण्यार चावले तर गोठते. या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच मिश्र लस असते, आणि ती मुलाला कमी, मोठ्याला जास्त अशी देत नाहीत. सापाने मुलाला चावताना विष काही कमी सोडलेले नसते. हा प्रश्न चाळणीला फार प्रिय आहे आणि हमखास चुकतो, कारण बाकी सगळी औषधे मुलांना वजनाने देतात. आणखी एक: नागाच्या रोग्याला निओस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले की पापण्या कधी कधी अर्ध्या तासात वर जातात, मण्यारीचे विष नसेच्या टोकालाच इजा करते, तिथे त्याचा भरवसा नाही. लस द्यायची आणि श्वास चालू ठेवायचा, लागल्यास कित्येक दिवस यंत्रावर. हे सारे वहीत दोन पानांत मावले, पण ती दोन पाने पुन्हा काही तिला चकवू शकली नाहीत.

विंचवाचा प्रश्नही असाच घरचा. आमच्या भागातला लाल विंचू चावला की माणूस गार पडतो, घामाने भिजतो आणि पुढे फुफ्फुसात पाणी होऊन दगावतो. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही हताशपणे बघत असू. महाडच्याच डॉ. हिमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वापरून दाखवली आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. पुतणीने ते उत्तर दिल्लीच्या क्लासात पाठ केले होते, पण हे संशोधन आपल्या काकांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर झाले याचा तिला पत्ता नव्हता.

लसीकरण तिला मी शिकवले नाही. गावच्या आशाताईंनी शिकवले. पुस्तकातला तक्ता तिला येत होता, पण प्रश्न तक्त्यातला नसतोच. प्रश्न असा, की उसाच्या तोडीला गेलेल्या कुटुंबातले अकरा महिन्यांचे मूल आले आहे, जन्मापासून एकही लस नाही, आज काय काय द्याल? पुतणी उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी जाऊन ताईंच्या शेजारी बसली. ताईंनी तिला उलटीकडून शिकवले: आधी काय देता येणार नाही ते सांगा. काविळीच्या लसीचा जन्माचा डोस जन्मानंतर चोवीस तासांतच, तो गेला. पोलिओचा शून्य डोस पंधरा दिवसांत, तोही गेला. बाकी बहुतेक सगळे देता येते. बीसीजी वर्षाच्या आत चालते, म्हणून आज द्यायची. पाच रोगांवरची एकत्र लस, पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन, न्यूमोकोकस यांचा पहिला डोस. वर्ष झालेले नसल्यामुळे रोटाव्हायरसची सुरुवातही. नऊ महिने झालेलेच आहेत, तर गोवर-रुबेला आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. "आणि आईला सांगायचं, रात्री ताप येईल, घाबरू नकोस," ताई म्हणाल्या. हे शेवटचे परीक्षेत विचारत नाहीत.

न्यायवैद्यकाने आमची जरा करमणूक केली. परीक्षा ६ जुलै २०२४ ला, आणि देशातले फौजदारी कायदे बदलले १ जुलैला, अगदी पाच दिवस आधी! संशयास्पद मृत्यूचा पंचनामा इतकी वर्षे जुन्या संहितेच्या १७४ कलमाखाली होई, तो आता नव्या संहितेच्या १९४ खाली. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर जुने ३०४-अ, नवे १०६. प्रश्नपत्रिका जुन्या आकड्यांची असेल की नव्या, कोणी सांगावे? शेवटी तिने दोन रकाने आखून दोन्ही पाठ केले. चाळीस वर्षांत शेकडो शवचिकित्सा केलेला मी, पण माझ्या तोंडून अजून जुनाच आकडा निघतो आणि नव्या डॉक्टरांना तो आता कळायचाही नाही.

जूनपर्यंत आम्ही अशा सहा सराव-प्रश्नपत्रिका सोडवल्या, प्रत्येकीत अक्षरे लिहून. गुण चढत गेले, पण मी बघत होतो ते गुण नव्हे. 'अ' ८७ वरून ५० च्या आत आले आणि 'प'मधले चूक ४३ वरून १४ वर उतरले, तेव्हा मी तिला सांगितले की आता झोप काढायला हरकत नाही. 'क' मात्र शेवटपर्यंत साठाच्या आसपासच राहिले. जीवरसायनातली ती नावे मलाही कधी आवडली नाहीत. आम्ही ती सोडून दिली.

या परीक्षेचा एक दोष मला त्या पाच महिन्यांत सारखा टोचत राहिला. तिथे सारे काही संगणकावर आहे. बिश्केकच्या रुग्णालयात रोगी रशियन किंवा किरगिझ बोलणार, म्हणून पुतणीला "ग्दे बलीत?", म्हणजे कुठे दुखते, एवढे विचारता येत असे, उत्तर लांबले की समजत नसे. रोग्याला हात लावायची संधी बेताचीच. त्यात २०२० साली साथीमुळे ती घरी आली आणि बराच काळ पुण्याच्या बाहेरच्या खोलीत फोनवर व्याख्याने ऐकत बसली. विषबाधेच्या रोग्याला ॲट्रोपिन किती आणि कुठवर द्यायचे हे ती झोपेत सांगेल: छातीतली घरघर थांबेपर्यंत, बाहुल्यांकडे न बघता. पण ते इंजेक्शन ज्या शिरेतून द्यायचे ती शीर तिने किती वेळा शोधली होती? बोटांवर मोजण्याइतकी. चाळणी पीठ चाळते, भाकरी थापून बघत नाही. त्यासाठी पास झाल्यावरही बारा महिने इथल्या रुग्णालयात उमेदवारी करावी लागते, हे मला फार शहाणपणाचे वाटते; मुले मात्र त्याला 'आणखी एक वर्ष' म्हणतात.

जुलैच्या अखेरीआधीच निकाल लागला. १६७. भावाने फोनवर तीनदा आकडा विचारून घेतला. भावजय म्हणाली, "कागदपत्रं झाली एकदाची." आणि खरोखरच त्यानंतर कागदपत्रांचे सुरू झाले. उत्तीर्ण झाल्याचा दाखला घ्यायला दिल्लीला स्वतः जावे लागले. तिथे परीक्षेला बसलेली हीच का, याची चेहऱ्यावरून ओळख पटवतात आणि बिश्केकच्या मूळ पदवीपासून दहावीच्या दाखल्यापर्यंत सारे उलटून पालटून बघतात. मग मुंबईला राज्याच्या वैद्यक परिषदेत तात्पुरती नोंदणी, मग उमेदवारीच्या जागेसाठी वाट पाहणे.

त्या वर्षी दिवाळीत ती घरी आली नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिची पाळी होती. साडेअकराच्या सुमारास माझा फोन वाजला. मागे रुग्णालयातली गडबड ऐकू येत होती आणि ती दबक्या आवाजात बोलत होती.

"काका, सत्तरीच्या बाई आहेत, हगवणीने पार सुकून गेल्यात. सलाईन लावायचंय. दोन्ही हातांना शीर सापडत नाही."

"हात खाली लोंबता सोड दोन मिनिटं. गरम पाण्यात फडकं पिळून गुंडाळ. थापट्या मारू नकोस, पट्टा फार आवळू नकोस. आणि मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला डोळ्यांनी नको, बोटाने शोध."

"थांबा हं," ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून गेली.